मीठ कमी करत जा, पेशी कुठे फुटते ते पाहा

‘आमच्याकडे सगळ्यांचे डोळे थोडे पिवळेच असतात,’ असं सहज सांगणारी कुटुंबं डॉक्टरांना अधूनमधून भेटतात. आजोबांना पित्तखडे होते, वडिलांचं पित्ताशय ऐन तिशीत काढावं लागलं आणि आता शाळेत जाणाऱ्या मुलीला साधा ताप आला तरी डोळे पिवळे होतात. गळ्यात काविळीची माळ घालून होते, तेल-तूप बंद होतं, उसाचा रस सुरू होतो. यकृताच्या तपासण्या केल्या तर यकृत ठणठणीत निघतं. बिलिरुबिन वाढलेलं असतं, पण ते अप्रत्यक्ष प्रकारचं. हे बिलिरुबिन लघवीत उतरत नाही, त्यामुळे नेहमीच्या काविळीत दिसणारी गडद लघवीही इथे दिसत नाही.

अशा वेळी संशय यकृतावरून रक्ताकडे वळतो. लाल पेशी एरवी साधारण 120 दिवस जगते. ती त्याआधीच फुटू लागली, तर तिच्यातल्या हिमोग्लोबिनचं बिलिरुबिन होतं आणि डोळे पिवळे पडतात. याचं एक आनुवंशिक कारण म्हणजे हेरिडिटरी स्फेरोसायटोसिस. या विकारात लाल पेशी चपटी न राहता गोळीसारखी गोल होते. त्याचा छडा लावणारी जुनी तपासणी म्हणजे ऑस्मॉटिक फ्रॅजिलिटी टेस्ट. तिला लागतं मीठ, पाणी, थोडं रक्त आणि भरपूर शिस्त.

पेशी गोल झाली म्हणून बिघडतं काय? उत्तर भूमितीत आहे. निरोगी लाल पेशी दोन्ही बाजूंनी खोलगट असते. तिचं आकारमान सुमारे 90 फेम्टोलिटर आणि पटलाचं क्षेत्रफळ सुमारे 140 चौरस मायक्रॉन. एवढ्या पटलाचा पूर्ण गोल केला तर त्यात 155 फेम्टोलिटरच्या आसपास मावतं. म्हणजे पेशीचं कातडं ढगळ अभ्र्यासारखं आहे: आत पाणी शिरलं तरी दीडपटीहून जास्त फुगेपर्यंत ते ताणलं जात नाही. स्फेरोसायटोसिसमध्ये पटलाला आतून धरून ठेवणारी प्रथिनं, म्हणजे स्पेक्ट्रिन, अँकिरिन, बँड 3 वगैरे, यांपैकी एखादं कमी किंवा सदोष असतं. आधार सुटलेल्या पटलाचे बारीक तुकडे गळत राहतात, आतला ऐवज मात्र जवळपास तेवढाच राहतो. समजा क्षेत्रफळ 140 वरून 115 वर आलं. त्याचा पूर्ण गोल केला तर 116 फेम्टोलिटरच मावतील. फुगायला उरलेली जागा एकदम आक्रसली.

शरीरात याचा फटका प्लीहेत बसतो. तिथल्या अरुंद फटींतून जाताना लाल पेशीला दुमडावं लागतं. गोल पेशीला ते जमत नाही, ती अडकते, आणखी पटल गमावते आणि शेवटी प्लीहेतल्या भक्षक पेशी तिला गिळतात. ऑस्मॉटिक फ्रॅजिलिटी टेस्ट ही आक्रसलेली जागा काचेच्या नळीत मोजते. पेशीभोवतालच्या पाण्यातलं मीठ कमी केलं की परासरणाने पाणी आत शिरतं आणि पेशी फुगते. ज्या पेशीकडे पटल कमी, ती थोड्याशा फुगण्यानेही फुटते. या रुग्णांच्या लाल पेशी पातळ मिठाच्या पाण्यात लवकर फुटतात, हे पॅरिसचे डॉक्टर अनातोल शोफार यांनी 1907 साली दाखवलं. पुढे 1947 साली पार्पार्ट आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत मोजमापात बसवली. आजची कृती बहुतेक त्याच वाटेने जाते.

आता मिठाच्या पाण्याकडे येऊ. रुग्णाला चढवतात त्या सलाइनमध्ये लिटरला 9 ग्रॅम मीठ असतं. रक्ताच्या तोलाचं, म्हणून त्यात पेशी ना फुगते ना आक्रसते. तपासणीसाठी मात्र साधं सलाइन चालत नाही, त्याची आम्लता स्थिर हवी. म्हणून मिठाबरोबर फॉस्फेटचे क्षार घालून पीएच 7.4 वर बांधतात. आधी दाट साठा करतात, ज्याची परासरणी ताकद लिटरला 100 ग्रॅम मिठाएवढी असते. त्याला दहापट पातळ केलं की 10 ग्रॅमचं कामाचं द्रावण मिळतं. यापुढे बोलण्याच्या सोयीसाठी ‘5 ग्रॅमची नळी’ म्हटलं की त्या द्रावणाची ताकद लिटरला 5 ग्रॅम मीठ, असं समजायचं. काही अहवालांत हाच आकडा 0.50 टक्के असा येतो.

या 10 ग्रॅमच्या द्रावणातून उतरती पायरी तयार होते: 9, 7.5, 6.5, 6, 5.5, 5, 4.5, 4, 3.5, 3, 2 आणि शेवटी 1 ग्रॅम. प्रत्येक नळीत एकूण 5 मिलिलिटर हवं. 5 ग्रॅमच्या नळीला अडीच मिलिलिटर द्रावण आणि अडीच मिलिलिटर शुद्ध पाणी, 4 ग्रॅमच्या नळीला 2 मिलिलिटर द्रावण आणि 3 मिलिलिटर पाणी. हिशोब शाळकरी आहे, पण धोका इथेच आहे. पिपेटने पाव मिलिलिटर इकडचं तिकडे झालं, तर नळी 5 ग्रॅमची राहत नाही, साडेचार किंवा साडेपाच ग्रॅमची होते. रुग्ण आणि निरोगी माणूस यांच्यातला फरकच मुळी अर्ध्या-पाऊण ग्रॅमचा. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा नळीगणिक मिसळत बसत नाहीत. त्या प्रत्येक पायरी मोठ्या मोजफ्लास्कमध्ये एकदाच करून बाटल्यांत भरतात आणि फ्रिजमध्ये ठेवतात. बुचं मात्र घट्ट हवीत. पाणी उडालं की द्रावण दाट होतं आणि पेशी आहेत त्यापेक्षा चिवट भासतात.

रक्त घेताना जांभळ्या टोपणाची नेहमीची नळी चालत नाही. तिच्यातलं ईडीटीए स्वतःच क्षार आहे. इथे हिरव्या टोपणाची हेपरिनची नळी लागते. दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवायचा नाही, रक्त सुईतून जोराने ओढायचं नाही आणि नमुना दोन-तीन तासांत कामाला घ्यायचा. शिरेतलं रक्त काळपट असतं, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त म्हणून आम्लताही किंचित जास्त. ते हलकेच फिरवून हवेशी मिसळतात, लालभडक झालं की नळ्यांना हात लावतात. ही हौस नव्हे. पीएच 0.1 ने घसरला तरी मीठ लिटरमागे 0.1 ग्रॅमने कमी केल्याइतका फरक पडतो. तापमानाचंही तसंच: खोली पाच अंशांनी जास्त गरम असेल तर मीठ 0.1 ग्रॅमने वाढवल्यासारखं होतं, म्हणजे पेशी किंचित चिवट दिसतात. मे महिन्यातल्या विदर्भातली बिनवातानुकूलित खोली आणि मुंबईतली एसी लॅब यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात म्हणूनच अर्थ नाही.

यावरचा उतारा म्हणजे कंट्रोल. त्याच दिवशी, त्याच तासाला एका निरोगी माणसाचं रक्त घ्यायचं आणि त्याच द्रावणांत, त्याच हातांनी रुग्णाच्या रक्ताबरोबर चालवायचं. द्रावण बिघडलेलं असेल तर दोघांचेही आलेख एकाच बाजूला सरकतात आणि चोरी पकडली जाते. माझ्या मते कंट्रोलशिवाय दिलेला ऑस्मॉटिक फ्रॅजिलिटीचा अहवाल हा अहवालच नव्हे.

प्रत्यक्ष कृती अर्ध्या-पाऊण तासाची. प्रत्येक नळीत 50 मायक्रोलिटर रक्त सोडायचं, म्हणजे शंभरास एक. पिपेटच्या टोकाला बाहेरून लागलेलं रक्त आधी पुसायचं. नळी उलटसुलट करून मिसळायची, खळखळवायची नाही, कारण फेस आला की पेशी नुसत्या हिसक्यानेही फुटतात. खोलीच्या तापमानाला 30 मिनिटं ठेवायचं, पुन्हा एकदा हलकेच मिसळायचं आणि पाच मिनिटं सेंट्रिफ्यूज करायचं. न फुटलेल्या पेशी तळाला बसतात, लॅबमध्ये त्याला ‘बटण’ म्हणतात. फुटलेल्या पेशींचं हिमोग्लोबिन वरच्या पाण्यात उतरतं. ओळीने स्टँडमध्ये लावलेल्या नळ्या बघण्यासारख्या असतात: डावीकडे स्वच्छ पाणी आणि तळाला जाड लाल बटण, मग पाण्याला फिकट गुलाबी झाक, पुढे बटण लहान होत जातं आणि पाणी गडद होतं, शेवटी बटण नाहीच, सगळं पाणी पारदर्शक लाल.

लहान लॅबमध्ये हे डोळ्यांनीच वाचतात: गुलाबी झाक पहिल्यांदा कुठे दिसली आणि बटण कुठे संपलं. निरोगी रक्तात झाक साधारण 5 ते साडेचार ग्रॅमच्या दरम्यान येते आणि साडेतीन ते 3 ग्रॅमपर्यंत बटण संपतं. यापेक्षा नेमकं हवं असेल तर वरचं पाणी काढून कलरीमीटरवर 540 नॅनोमीटरला वाचायचं. 9 ग्रॅमच्या नळीतलं पाणी शून्य धरायचं, 1 ग्रॅमच्या नळीतलं शंभर टक्के. मात्र शून्य धरण्याआधी त्या 9 ग्रॅमच्या नळीकडे डोळ्यांनी पाहावं. तिथेच पाणी गुलाबी असेल तर पेशी सुईत किंवा वाटेत फुटल्या आहेत आणि नमुना पुन्हा घ्यायला हवा. यंत्रावर शून्य लावलं की ही खूण पुसली जाते.

आता एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. समजा, सुरुवातीच्या कुटुंबातली ती मुलगी नऊ वर्षांची आहे. हिमोग्लोबिन 9.2, कोवळ्या लाल पेशी म्हणजे रेटिक्युलोसाइट 8 टक्के, प्लीहा बरगडीखाली हाताला लागते. काचेवरच्या रक्ताच्या पातळ थरात, म्हणजे स्मिअरमध्ये, मधला फिकट भाग नसलेल्या गडद गोल पेशी दिसतात. कंट्रोल म्हणून हिमोग्लोबिन 13 असलेल्या प्रौढाचं रक्त घेतलं. 1 ग्रॅमच्या नळीत मुलीचं वाचन 0.82 आणि कंट्रोलचं 1.16 आलं. मुलीचं हिमोग्लोबिनच कमी, म्हणून तिचं शंभर टक्केही कमी. प्रत्येकाचं गणित त्याच्या स्वतःच्या शंभर टक्क्यांवर करायचं असतं, नाहीतर अशक्त माणसाच्या पेशी उगाच चिवट दिसतील.

5 ग्रॅमच्या नळीत मुलीचं वाचन 0.31. त्याला 0.82 ने भागलं की 38 टक्के पेशी फुटलेल्या. त्याच नळीत कंट्रोलचं वाचन 0.02, म्हणजे जेमतेम 2 टक्के. साडेचार ग्रॅमला मुलीच्या 70 टक्के फुटल्या, कंट्रोलच्या 16. 4 ग्रॅमला मुलीच्या 90, कंट्रोलच्या 76. साडेतीनला दोघंही जवळपास शंभरावर पोचले. हे बिंदू आलेखावर मांडले, आडव्या रेषेवर मीठ आणि उभ्या रेषेवर फुटलेल्या पेशींची टक्केवारी, की इंग्रजी एस अक्षरासारखं वळण तयार होतं. निम्म्या पेशी फुटायला किती मीठ लागलं तो आकडा त्यातून वाचतात. कंट्रोलचा तो 4.2 ग्रॅम येतो. निरोगी ताज्या रक्तात तो साधारण 4 ते 4.45 दरम्यान असतो. मुलीचा येतो 4.8. म्हणजे कंट्रोलच्या पेशी जिथे अजून शाबूत आहेत, तिथे तिच्या निम्म्या गेलेल्या.

पण एवढा एक आकडा वाचून थांबलं तर आलेखातली खरी गंमत निसटते. मुलीच्या साडेपाच ग्रॅमच्या नळीत 12 टक्के, 6 ग्रॅमला 6 टक्के आणि साडेसहालाही 2 टक्के पेशी फुटल्या होत्या. मुख्य वळणापासून दूर लांबत गेलेली ही बारीक शेपटी आहे. तिचा अर्थ असा की रक्तात सगळ्या पेशी सारख्या नाहीत. बहुतेक थोड्या नाजूक आहेत आणि त्यांत एक छोटा गट फारच नाजूक आहे, प्लीहेत पुन्हा पुन्हा अडकून पटल गमावलेला. प्लीहा काढल्यावर ही शेपटी नाहीशी होते, रक्तक्षयही बहुधा सुधारतो. मुख्य वळण मात्र कंट्रोलपासून दूरच राहतं, कारण पटलाचा मूळ दोष जीन्समध्ये आहे. एक व्यावहारिक सूचना: काही प्रयोगशाळा मीठ डावीकडून उजवीकडे चढतं मांडतात, काही उतरतं. त्यामुळे ‘आलेख उजवीकडे सरकला’ हे वाक्य एका अहवालात आजाराचं असतं आणि दुसऱ्यात त्याच्या नेमकं उलट. आधी आडवी रेषा वाचावी, मग वळण.

या मुलीचा निकाल ताज्या रक्तातच लागला. सौम्य आजारात तसं होईलच असं नाही. ताज्या रक्ताचा आलेख अगदी निरोगी दिसावा आणि माणूस तरीही रुग्ण असावा, हे घडतं. म्हणून तपासणीचा दुसरा भाग असतो: रक्त निर्जंतुक बाटलीत 37 अंशांना 24 तास ठेवायचं आणि मग सगळ्या नळ्या पुन्हा लावायच्या. या वेळी 12 ग्रॅमचीही एक नळी लागते. रात्रभरात पेशींची साखर संपते, पटल आणखी गळतं, आत सोडियम साचतं. निरोगी पेशीही यात नाजूक होतात आणि निम्म्या फुटण्याचा आकडा 4.65 ते 5.9 पर्यंत चढतो. पण ज्यांचं पटल मुळातच सैल धरलेलं आहे, त्या पेशी यात फार पुढे जातात आणि ताज्या रक्तात लपलेला फरक उघडा पडतो. इथे एकच शत्रू: जंतू. बाटलीत ते शिरले तर सगळं रक्त दुसऱ्या दिवशी फुटलेलंच मिळतं आणि त्याचा आजाराशी काही संबंध नसतो.

आता या तपासणीची मर्यादा. पेशीत फुगायला जागा किती उरली आहे, एवढंच ती सांगते. ती कशामुळे कमी झाली, हे तिला कळत नाही. शरीराने स्वतःच्याच लाल पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार केल्या तरी गोल पेशी होतात आणि आलेख हुबेहूब असाच सरकतो. म्हणून कूम्ब्ज टेस्ट निगेटिव्ह असल्याशिवाय या आलेखावरून आनुवंशिक आजाराचं नाव घेऊ नये. रक्त नुकतंच चढवलं असेल तर नळीत दात्याच्या पेशीही फुटत असतात, तो अहवाल दोघांच्या सरमिसळीचा. तान्ह्या बाळाच्या पेशी मोठ्यांपेक्षा चिवट असतात, त्यांना मोठ्यांचे आकडे लावले तर आजार सुटून जातो.

सर्वांत फसवी गोष्ट आपल्याकडे फार आढळते ती म्हणजे लोहाची कमतरता. लोह कमी पडलं की पेशीत ऐवज कमी भरतो, त्यामानाने पटल ढगळ होतं आणि पेशी चिवट बनते. एकाच मुलीला स्फेरोसायटोसिस आणि लोहाची कमतरता दोन्ही असतील तर दोन दोष एकमेकांना खोडतात आणि आलेख निरोगी माणसाचा वाटतो. पित्तखड्याने पित्तनलिका तुंबली तरी असंच: रक्तातले वाढलेले स्निग्ध पदार्थ पेशीच्या पटलात जाऊन बसतात आणि त्याचं क्षेत्रफळ वाढवतात. म्हणजे आजारच खडे करतो आणि खडेच आजार झाकतात.

थॅलेसेमिया मायनरमध्येही पेशी अशाच चिवट असतात आणि त्यावरून आपल्याकडे एक सुटसुटीत चाचणी रूढ आहे, नेस्ट्रॉफ्ट नावाची. तत्त्व तेच, पण नळी एकच, लिटरला 3.6 ग्रॅमची. तिच्यात थोडं रक्त टाकायचं आणि नळीमागे काळी रेघ ओढलेला पांढरा कागद धरायचा. निरोगी रक्त फुटून पाणी पारदर्शक होतं आणि रेघ दिसते. थॅलेसेमियाच्या वाहकाच्या बऱ्याच पेशी टिकून राहतात, पाणी गढूळ राहतं, रेघ दिसत नाही. शिबिरांत चाळणी म्हणून ती सोयीची, पण लोहाची कमतरता तिलाही चकवते, उलट बाजूने.

मोठ्या केंद्रांत आता बाराही नळ्या लावण्याऐवजी ईएमए नावाचा चमकणारा रंग वापरतात. तो मुख्यतः पटलातल्या बँड 3 प्रथिनाला चिकटतो. फ्लो सायटोमीटरवर चमक कमी दिसली की पटलाचा दोष कळतो, थोडं रक्त पुरतं आणि काही तासांत उत्तर मिळतं. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्थेने या पद्धतीवर काम केलं आहे. आणि घरात आजाराचा इतिहास असेल, स्मिअरमध्ये गोल पेशी असतील, साध्या सीबीसीतला एमसीएचसी आणि रेटिक दोन्ही चढे असतील, तर यांपैकी कुठल्याच खास तपासणीची गरज पडत नाही, असं ब्रिटिश रक्ततज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ते मला पटतं. पण फ्लो सायटोमीटर ज्या जिल्ह्यात नाही आणि निदान जिथे अडलं आहे, तिथे कलरीमीटर आणि सेंट्रिफ्यूज असलेली लॅब नेटकं काम करून आजही विश्वासार्ह आलेख देऊ शकते.

तुमच्या घरात ही तपासणी करायची वेळ आली तर तीन गोष्टी लॅबला आपणहून सांगा: गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलंय का, लोहाच्या गोळ्या चालू आहेत का आणि सध्या पित्तखड्याचा त्रास आहे का. आणि अहवाल घेताना कंट्रोलचा आलेख शेजारी छापलेला आहे का, ते पाहून घ्या. नसेल तर मागून घ्या.